शिट्ट्या वाढवून राजमा निर्धोक होतो, हिरवा बटाटा होत नाही

प्रश्न: मी घरून पंधरा जणांचे डबे करते. स्वस्त मिळाले म्हणून अर्धं पोतं बटाटे घेऊन ठेवले. आता बऱ्याच बटाट्यांना मोड आलेत, काही सालीखाली हिरवे झालेत. कुकरच्या चार शिट्ट्या जास्त काढल्या की त्यात जे काही वाईट असेल ते मरेल ना? दुसरं म्हणजे, भावाने दुबईहून स्लो कुकर आणून दिलाय. त्यात रात्री राजमा लावला आणि सकाळी डब्यात भरला तर चालेल का? सकाळची घाई वाचेल.

उत्तर: ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, पण दोन्हीकडची कारणं वेगळी आहेत. ती कारणं कळली की पुढच्या वेळी कुणाला विचारायला लागणार नाही. मी वीसेक वर्षं वसतिगृहांच्या मेस आणि केटरिंगची स्वयंपाकघरं तपासतो आहे. या दोन पदार्थांबाबत माणसं नेमकी उलटी काळजी घेतात, असं मला दिसत आलंय. बटाटा जास्त शिजवतात, तिथे शिजवून काही होत नाही. राजमा मंद आचेवर सोडून देतात, तिथे आचेवरच सगळं अवलंबून असतं.

आधी राजमा घेऊ, कारण तिथे धोका लवकर दिसतो आणि उपायही पक्का आहे.

कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. किडे आणि जनावरांपासून दाणा वाचवण्याची ही झाडाची स्वतःची सोय आहे. आपण खातो ती बहुतेक प्रथिनं पोटातल्या आम्लाने आणि पाचक रसांनी तुटतात. हे तुटत नाही. ते तसंच आतड्यात पोचतं आणि आतल्या अस्तराच्या पेशींना चिकटतं. मग आधी मळमळ, पाठोपाठ जोरदार उलट्या, नंतर जुलाब. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत सुरू होतं आणि बहुतेकांचं आणखी तीन-चार तासांत शांतही होतं. कच्चे किंवा नुसते भिजवलेले चार-पाच दाणे एवढं करायला पुरतात. इंग्लंडमध्ये १९७६ साली सुट्टीवर गेलेल्या शाळकरी मुलांनी भिजवलेला राजमा न शिजवता खाल्ला आणि ती आजारी पडली. या विषबाधेकडे डॉक्टरांचं नीट लक्ष गेलं ते त्यानंतर.

पण हे प्रथिन आहे, हीच आपल्या फायद्याची गोष्ट. प्रथिनाचा गुण त्याच्या घडीत असतो. अंड्याचा पांढरा बलक तापला की बदलतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तशी लेक्टिनची घडीही पुरेशा उष्णतेने कायमची मोडते. मग ते पेशीला चिकटू शकत नाही, साधं अन्न होऊन पचतं. लाल राजम्यातल्या लेक्टिनचा जोर ठरलेल्या एककात मोजतात. कच्च्या दाण्यात तो २० हजार ते ७० हजार भरतो, पूर्ण शिजलेल्यात २०० ते ४०० उरतो.

आता ‘पुरेशी उष्णता’ म्हणजे किती, इथेच स्लो कुकर फसवतो. पाणी १०० अंशांना खळखळून उकळत असेल तर दहा मिनिटांत काम होतं. दाणे लहान-मोठे असतात, भांड्याच्या मध्यभागी उष्णता उशिरा पोचते, म्हणून खबरदारी म्हणून अर्धा तास धरतात. पण ८० अंशांच्या आसपास राजमा कितीही तास ठेवला तरी लेक्टिन पुरतं मोडत नाही. उलट अशा अर्धवट तापलेल्या राजम्याचा जोर कच्च्यापेक्षा पाच पटींपर्यंत वाढू शकतो, असं चाचण्यांमध्ये दिसलंय. स्लो कुकरमध्ये कालवणाच्या मधोमध थर्मामीटर घातला तर कित्येकदा ७५ अंशही दिसत नाहीत.

आणि खरी फसगत पुढे आहे. आठ-दहा तास कोमट-गरम पाण्यात राहून दाणा मऊ पडतो. तुम्ही बोटाने दाबाल, तो दबेल, तुम्ही म्हणाल झाला. मऊ होणं हा साल, पेक्टिन आणि स्टार्चचा मामला आहे, विष जाणं हा प्रथिनाचा. एक झालं म्हणजे दुसरं झालं असं नाही. उलटंही खरं आहे. जुना राजमा अर्धा तास खळखळून उकळला तरी कधी कधी टणकच राहतो. तो चावायला वाईट लागेल, पण त्यातलं लेक्टिन गेलेलं असतं.

एका मेसची गोष्ट सांगतो, कारण तुमचाही कारभार डब्यांचा आहे. रात्री आठला मुलं जेवली, साडेनऊपासून उलट्या सुरू झाल्या, दहापर्यंत तीसेक मुलं आजारी. मध्यरात्रीनंतर बहुतेकांना बरं वाटायला लागलं. सगळ्यांनी आधी ताकावर खापर फोडलं. आपल्याकडे पोट बिघडलं की पहिला संशय नेहमी दूध-दह्यावर. पण ताक प्यायलेली आणि राजमा न घेतलेली मुलं ठणठणीत होती. मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि आचाऱ्याला म्हटलं, काल जसं केलंत तसंच आज माझ्यासमोर करा. मोठ्या टोपात बारा किलो राजमा, सकाळपासून भिजवलेला. एक उकळी येतेय न येतेय तोच त्याने कांदा-टोमॅटोचा मसाला ओतला. रस्सा दाट झाला, तळाला लागायला लागलं, म्हणून गॅस बारीक केला, झाकण ठेवलं आणि तीन तास तसंच. वरून बुडबुडे येत होते, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं उकळतंय. थर्मामीटर तळाशी ९५ दाखवत होता, मधल्या थरात ७८-८०. दाट रश्श्यात उष्णता वर चढत नाही, तळ जळतो आणि मधला भाग कोमटच राहतो. शिवाय टोमॅटोच्या आंबटपणाने दाणे लवकर मऊ होत नाहीत.

यात लेक्टिनची प्रयोगशाळेत तपासणी झाली नव्हती, हे मान्य करायला हवं. काही जिवाणूंच्या विषानेही एवढ्याच वेळात उलट्या होतात. पण ती विषं तयार व्हायला अन्न काही तास बाहेर पडून राहावं लागतं, आणि हा राजमा टोपातून थेट ताटात गेला होता. आजारी पडली ती फक्त राजमा खाल्लेली मुलं. म्हणून मी राजम्यालाच दोष दिला. पद्धत बदलली, पुन्हा तो प्रकार झाला नाही.

बदललेली पद्धत तुमच्या मापात सांगतो. पंधरा डब्यांना साधारण पाऊण किलो राजमा लागेल. रात्री तिप्पट-चौपट पाण्यात भिजत घाला. भिजायला पाच तास तरी हवेतच, रात्रभर ठेवलात तर उत्तम. सकाळी ते पाणी ओतून द्या. लेक्टिनचा काही अंश त्यात उतरलेला असतो, त्यात कणीक मळण्याचा काटकसरीपणा नको. दाणे धुऊन ताज्या पाण्यात, नुसत्या मिठावर, प्रेशर कुकरला लावा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि तिथून घड्याळ लावून १५ ते २० मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजू नका. शिट्टी किती लवकर होते हे गॅसच्या ज्योतीवर, कुकर किती भरलाय त्यावर आणि रबराच्या रिंगच्या वयावर ठरतं. प्रेशरखाली किती मिनिटं गेली, तेवढंच महत्त्वाचं. कुकरच्या आत साधारण १२० अंश असतात, तिथे लेक्टिनचा निकाल लागतोच. मग वेगळ्या कढईत मसाला परतून त्यात हा शिजलेला राजमा घाला.

स्लो कुकर अगदीच पडून राहू नये असं वाटत असेल तर भिजवलेला राजमा आधी गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा, पाणी फेका, मग हवा तितका वेळ स्लो कुकरमध्ये मुरवा. चव खरंच छान येते. अर्थात तेवढ्या वेळात कुकरचा राजमा तयार झालेला असतो, त्यामुळे सकाळची घाई वाचायची गोष्ट बाजूलाच राहते. परदेशात राहणारे बरेच जण प्रेशर आणि स्लो दोन्ही असलेला इलेक्ट्रिक कुकर वापरतात. त्यात राजम्यासाठी प्रेशरचंच बटण. डब्यात बंद मिळणारा राजमा कारखान्यात प्रेशरखाली शिजलेला असतो, त्याची भीती नाही.

राजमा म्हणजे पंजाबचा आणि आपल्याकडे फक्त हॉटेलात, असं समजू नका. साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तो याच जातीचा दाणा. त्याच्या उसळीलाही हाच नियम. आपल्याला मोड आणून कडधान्य खायची सवय आहे आणि मोडाचे मूग कच्चे खाल्ले तर लेक्टिनचा असा त्रास होत नाही, म्हणून कुणी राजम्याला मोड आणून कोशिंबिरीत घालतं. ते करू नका. मोड आल्याने लेक्टिन थोडं कमी होतं, जात नाही. नुसतं भाजणंही पुरत नाही. जपानमध्ये २००६ साली टीव्हीवर वजन कमी करायचा एक उपाय दाखवला होता: पांढरा राजमा तीन मिनिटं भाजायचा, दळायचा आणि ती पूड भातावर घालून खायची. पांढऱ्या राजम्यात लेक्टिन लालपेक्षा कमी, तरीही शेकडो माणसं उलट्या-जुलाबांनी हैराण झाली. फरसबीही याच झाडाची कोवळी शेंग आहे. तिच्यात प्रमाण कमी असतं आणि आपल्या नेहमीच्या भाजीत ती व्यवस्थित शिजते, पण कचकचीत कच्ची फरसबी सॅलडमध्ये नको.

महाबळेश्वरसारख्या ठिकाणी सहलीला स्वयंपाक करणार असाल तर तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात जास्त वेळ द्या, नाहीतर कुकर बरोबर न्या.

आता बटाटा. इथे कुकर उपयोगी का पडत नाही?

बटाट्यातली विषं दोन, सोलॅनिन आणि चाकोनीन. ही प्रथिनं नव्हेत. आकाराने लहान, घट्ट बांधणीचे रेणू आहेत. मोडायला यांच्यात घडीच नाही. तेलाचं तापमान साधारण १७० अंशांच्या वर गेलं की ती जेमतेम तुटायला लागतात. २१० अंशांच्या तेलात दहा मिनिटं तळूनही साठ टक्के शिल्लक राहिल्याचं मोजलं गेलंय. तुमचा कुकर जातो १२० पर्यंत. चार शिट्ट्या जास्त काढल्यात तर बटाट्याचा लगदा होईल, सोलॅनिन तिथेच राहील. वडा कडकडीत तेलात तळला तरी आतल्या सारणात पाणी असतं, आणि पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभराच्या वर जात नाही. उकडताना थोडंफार विष पाण्यात उतरतं, म्हणून संशय असलेल्या बटाट्याचं पाणी रश्श्यात घालू नये एवढंच. त्या भरवशावर हिरवा बटाटा वापरायचा नाही.

लंडनच्या लुइशम भागातल्या एका शाळेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस हेच झालं. आधीच्या सत्रातलं एक पोतं सुट्टीभर पडून होतं. शाळा उघडल्यावर त्यातले बटाटे उकडून मुलांना जेवणात दिले. ७८ मुलं आजारी पडली, १७ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. सगळी बरी झाली, पण काहींना बरेच दिवस लागले. बटाटे शिजलेलेच होते, हे विसरू नका.

हिरव्या रंगाबद्दल एक गैरसमज आहे. तो रंग विषाचा नाही, पालकात असतं तेच हरितद्रव्य आहे. पण बटाट्यावर उजेड पडला की हरितद्रव्य तयार होतं आणि बरोबरीने सोलॅनिनही वाढतं. म्हणजे हिरवेपणा ही उजेड लागल्याची खूण. अंधारात मोड आलेला किंवा फावड्याचा घाव लागलेला बटाटा हिरवा न होताही विषारी होऊ शकतो. चांगल्या बटाट्यात किलोमागे २० ते १०० मिलिग्रॅम असतं, २०० ही वरची मर्यादा मानतात. त्यातलं बहुतेक सालीत आणि सालीलगतच्या थरात. मोडांमध्ये मात्र ते किलोमागे हजारो मिलिग्रॅमपर्यंत जातं.

हे आकडे ताटात आणून पाहू. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये सगळा पुरावा तपासला. माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम पोटात गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, असं त्यांनी काढलं. तुमच्या डब्यातली भाजी एखाद्या घरी वीस किलोचं मूल खात असेल तर त्याची हद्द २० मिलिग्रॅम. चांगल्या, किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या बटाट्याची शंभर ग्रॅम भाजी खाल्ली तर पोटात साडेसात जाईल, काही होणार नाही. पण हिरवट, २५० मिलिग्रॅमच्या बटाट्याची तेवढीच भाजी म्हणजे २५ मिलिग्रॅम. हद्द एका वाटीत ओलांडली. साठ किलोच्या माणसाला त्रास व्हायला त्याच बटाट्याचे पाव किलो लागतील. म्हणून एकाच भाजीने मूल आजारी पडतं आणि बाप म्हणतो, मला तर काहीच झालं नाही.

ओळखायचं कसं, तर डोळ्यांनी आधी आणि जिभेने शेवटी. विष वाढलेला बटाटा कडू लागतो, जास्त असेल तर घशात जळजळतं. पण आपण त्यात आलं, लसूण, मिरची, लिंबू घालतो, तो कडवटपणा कळायचा कुठून? उकडल्यावर हिरवा रंगही मळकट होतो, नीट दिसत नाही. म्हणून निवड कच्चा असतानाच, दिवसाउजेडी, माती धुऊन करायची. डब्यातल्या कुणी कडू लागतंय म्हटलं तर मसाला जळला असेल म्हणून सोडून देऊ नका. बटाट्याचा त्रास राजम्याइतका लवकर येत नाही. मळमळ, पोटदुखी, उलट्या-जुलाब कित्येकदा सात-आठ तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतात, त्यामुळे दोष दुसऱ्याच जेवणाला जातो. दोन्हींवर उतारा असं औषध नाही, पाणी आणि क्षार भरून काढणं हाच उपचार. लहान मूल, गरोदर बाई, थांबत नसलेल्या उलट्या, ग्लानी किंवा बरळणं असेल तर घरी वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं आणि काय खाल्लं तेही सांगायचं.

तर तुमचं अर्धं पोतं. ते जमिनीवर पसरा आणि तीन ढीग करा. बटाटा घट्ट, हिरवा नाही आणि मोड जेमतेम डोकावलेत, तो वापरा. मोड खुडून थांबू नका, सुरीच्या टोकाने डोळा भोवतालच्या गरासकट खोल कोरून काढा आणि साल जाड काढा. एखाद्या कडेला नाण्याएवढा हिरवा डाग असेल तर तो भाग पांढरा गर लागेपर्यंत आणि वर आणखी थोडा कापून टाका, उरलेला मोठ्यांच्या भाजीला चालेल. लहान मुलांच्या डब्यात तोही नको. तिसरा ढीग म्हणजे बराचसा हिरवा, सुरकुतलेला, हाताला पिचपिचीत किंवा लांब मोडांचा. तो टाकायचा. तुमच्याकडे पंधरा घरांचं जेवण आहे, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगात गोंधळ झाला तर तिसऱ्यातच टाका. या बटाट्यांच्या सालींचा चिवडा किंवा चटणी अजिबात करू नका. टाकलेला ढीग शेजारच्या गोठ्यातही देऊ नका, गाईगुरांनाही बाधतो.

पुढच्या वेळी आठवड्याला पुरतील एवढेच घ्या. पारदर्शक पिशवीतून काढून तागाच्या पोत्यात, अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. जाळीच्या ट्रॉलीवर दिवसभर ट्यूबलाइटचा उजेड पडतो, तोही पुरतो. कांदे वेगळ्या टोपलीत ठेवा, शेजारी असले की बटाट्याला मोड लवकर येतात. दुकानात सगळ्यात वरचे, चकचकीत धुतलेले आणि दिव्याखाली मांडलेले बटाटे उचलू नका, मातीतले घ्या.

तिसऱ्या ढिगातले घट्ट पण मोडाचे चार-पाच बटाटे बाजूला ठेवलेत तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठ्या कुंडीत लावता येतील. रोप वाढेल तशी बुडाला मातीची भर देत राहा. वर उघडा पडलेला बटाटा उन्हाने तिथेच हिरवा होतो.